400 ग्रॅम : पालक-शिक्षक संघाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
पालक-शिक्षक संघ, सांगलीतील एक शाळा

सप्रेम नमस्कार.

आपल्या संघाने या सत्रात पालकांसाठी ‘वजन घटवा’ स्पर्धा घ्यायचं ठरवलं आहे. आठ आठवडे दर शनिवारी सकाळची शाळा भरायच्या वेळी सभागृहात वजनकाटा ठेवायचा, आई-वडिलांनी मुलांसमोर त्यावर उभं राहायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. ज्या वर्गाच्या पालकांचं मिळून जास्तीत जास्त वजन उतरेल, त्या वर्गाला स्नेहसंमेलनात ढाल मिळणार. पत्रकात खाली एक ओळ आहे : ‘मुलांनी घरी आई-बाबांच्या खाण्यावर लक्ष ठेवावे.’

शाळेचं नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. हेतू वाईट नाही, हेही मान्य आहे. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत आणि पालकांनी चालायला लागावं असं आम्हालाही वाटतं. पण आम्ही सांगली-मिरजेत मुलांचा आहार, वाढ आणि समुपदेशन याच कामात आहोत, आणि ही स्पर्धा मुलांच्या मनात नेमकं काय पेरेल ते गप्प बसून पाहणं आम्हाला जमणारं नाही. पत्र उघडं ठेवलं आहे, कारण फळ्यावर जे लिहिलं जाणार आहे ते घराघरात आधीच रोज बोललं जातंय.

आधी एका मुलीचा हिशोब मांडू. मुलगी कल्पनेतली आहे, पण आकडे नेहमीचे आहेत. दहाव्या वर्षी तिची उंची 138 सेंटिमीटर आणि वजन 32 किलो. बाराव्या वर्षी उंची 151 सेंटिमीटर आणि वजन 42 किलो. बालरोगतज्ज्ञाच्या वाढीच्या तक्त्यावर दोन्ही वेळा ती निरोगी पट्ट्यातच आहे. म्हणजे दोन वर्षांत 10 किलो, सरासरी महिन्याला 400 ग्रॅमच्या आसपास. हे वजन चढायलाच हवं. माणसाच्या मोठेपणीच्या वजनातला जवळपास निम्मा वाटा किशोरवयातच येतो. मुलींची उंची साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. या काळात मुलीच्या कंबरेखाली, मांड्यांवर, छातीवर चरबी साठते. पाळी सुरू व्हायला आणि पुढे नियमित राहायला शरीराला तिची गरज असते. काही मुलींचं आधी अंग भरतं, उंची मागून येते. त्या मधल्या महिन्यांत त्या ‘गुबगुबीत’ दिसतात आणि नेमका तेव्हाच कुणीतरी शेरा मारतो.

आता त्याच दोन वर्षांत त्याच घरात आई काय बोलते ते ऐका. सकाळी आरशासमोर : “काय बाई हे पोट!” डबा भरताना : “मला नको चपाती, वाऱ्यानंसुद्धा फुगते मी.” ब्लाऊज शिवायला टाकून आल्यावर : “माप परत वाढलं, लाज वाटते त्या टेलरकडं जायची.” हळदी-कुंकवाला कुणी म्हणतं, “अगं, किती बारीक झालीस, काय करतेस सांग की!” आणि दहा वर्षांची पोरगी शेजारी वाण धरून उभी असते. रविवारी काट्यावर : “अरे देवा, 400 ग्रॅम वाढलं.” चेहरा उतरतो आणि त्या दिवशी घरात श्रीखंडाचा विषय बंद.

ज्या 400 ग्रॅमनी आईचा दिवस बिघडतो, तेवढेच लेकीच्या अंगावर दर महिन्याला चढत असतात. आईने लेकीबद्दल वावगा शब्द काढलेला नसतो. उलट ती सांगते, “मी फक्त स्वतःबद्दल बोलते, तिला कधीच नाही म्हणत.” यावर आमचं उत्तर एका वाक्यात आहे आणि ते तुमच्याच घरातलं आहे : “अगदी आईवर गेलीय हो!”

आपल्याकडे मूल जन्मलं की बाराव्या दिवसापासून हे सुरू होतं. नाक वडिलांचं, रंग आजीचा, अंगकाठी आईची. मूल ही वाक्यं वर्षानुवर्षं ऐकतं आणि त्यांवर विश्वास ठेवतं. त्यात तथ्यही आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की शरीराच्या आकारातल्या फरकाचा मोठा भाग आनुवंशिक असतो, साधारण 40 ते 70 टक्के. तेव्हा ज्या मुलीला “मांड्या आईसारख्या” असं सांगितलंय, तिच्यासमोर आई म्हणते, “माझ्या मांड्या बघवत नाहीत.” ही बेरीज करायला चौथीचं गणित पुरतं.

याचा अभ्यासही झालेला आहे. 2000 साली अमेरिकेत अब्रामोविट्झ आणि बर्च या दोघींनी पाच वर्षांच्या मुलींना डाएट म्हणजे काय, असं विचारलं. ज्यांच्या आया तेव्हा डाएट करत होत्या किंवा नुकतंच करून चुकल्या होत्या, त्या मुलींकडे त्याच्या कल्पना तयार असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त होती. पाच वर्षांच्या म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या गटातल्या. अशा अभ्यासांत संबंध दिसतो, एकामुळेच दुसरं घडलं असं सिद्ध होत नाही, हे आम्ही लपवत नाही. एका शेऱ्याने कुणी मूल आजारी पडत नाही. खाण्याच्या विकारांमागे आनुवंशिकता, स्वभाव, वर्गातली चिडवाचिडवी, मोबाइलवरची चित्रं, घरातले शेरे असं बरंच काही असतं. पण या यादीतली एकच गोष्ट उद्या सकाळपासून बदलता येते, आणि ती बदलणं पालकांच्या तोंडात आहे.

आता स्पर्धेबद्दलचे आमचे आक्षेप.

पहिला आक्षेप काट्याला. आठ आठवड्यांत आपल्या त्या मुलीची उंची सुमारे 1 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 800 ग्रॅम वाढेल. तेवढ्याच दिवसांत तिची आई 3 किलो उतरवून टाळ्या घेईल. टाळ्या वाजवणारी मुलगी मधल्या सुट्टीत त्याच काट्यावर चढणारच, रिकामा काटा दिसला की मुलं चढतातच. तिचा आकडा वाढलेला असेल. ती निरोगी आहे म्हणूनच वाढलेला असेल. पण गेले आठ शनिवार तिने एकच नियम शिकलाय : आकडा खाली गेला की टाळ्या, वर गेला की “अरेरे.”

शिवाय तो आकडा खराही नसतो. मोठ्या माणसाचं वजन पाणी, मीठ, पोटातलं अन्न आणि पाळीचे दिवस यांमुळे एक-दोन किलोंनी सहज मागेपुढे होतं. तांब्याभर, म्हणजे लिटरभर पाणी पिऊन काट्यावर उभं राहिलं की एक किलो वाढतो. हे स्पर्धकांना लगेच कळतं. पहिल्या शनिवारी पोटभर पाणी पिऊन यायचं, शेवटच्या आदल्या रात्री उपाशी झोपायचं. घरातली मुलं हे बघतात, मदतही करतात. उपाशी राहिलं की जिंकता येतं, हा धडा शाळेच्या सभागृहात द्यायचा का?

दुसरा आक्षेप त्या ‘लक्ष ठेवावे’ला. ज्या मुलाला आईच्या ताटावर पहारा ठेवायला सांगितलं, ते स्वतःच्या ताटावरही पहारा बसवतं. आणि वर्गाची ढाल आपल्या आईच्या पोटामुळे गेली, हे त्याला वर्गात ऐकावं लागणार. सातवीतली मुलं हे किती चवीने बोलतात ते शिक्षकांना सांगायला नको.

तिसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा, कारण तो स्पर्धेआधीपासूनचा आहे. मूल पहारा बसवतं तेव्हा घरात ते ओळखूच येत नाही, उलट कौतुक होतं. क्रम बहुतेक असा असतो. आधी डबा अर्धा परत येतो. कारण विचारलं तर “वेळ नव्हता.” सकाळी दूध नको होतं. मग संध्याकाळी साडेपाचला घरी आल्यावर भूक अंगावर येते आणि भडंगाचा डबा, बिस्किटांचा पुडा उभ्या उभ्या संपतो. यात हावरटपणा काही नाही, दिवसभर अडवलेलं शरीर आपलं येणं वसूल करतं. पण मुलाला वाटतं, आपल्यात संयम नाही, अगदी आई स्वतःबद्दल म्हणते तसं. म्हणून दुसऱ्या दिवशी डबा आणखी कमी. या फेऱ्यात वजन कमी होईलच असं नाही, कधी वाढतंही. पण चिडचिड, बद्धकोष्ठ, थकवा आणि अभ्यासातलं लक्ष उडणं ठरलेलं.

आणि वजन खरंच थांबलं, तर घर म्हणतं, “उंची वाढतेय ना, म्हणून बारीक झालीय.” दहा ते तेराच्या वयात सहा महिने वजन जागच्या जागी राहणं हे कौतुकाचं नाही, डॉक्टरांना दाखवण्याचं लक्षण आहे. उतरत असेल तर सहा महिनेही थांबू नका. उन्हाळ्यातही सैल, अंग झाकणारे कपडे, फोटो काढताना मागं सरकणं, पोहायला किंवा पीटीला नकार, जेवून उठल्या उठल्या बाथरूम, लपवलेले खाऊचे कागद, दिवसातून अनेकदा “मी जाडी दिसते का?”, सुरू झालेली पाळी तीन महिने न येणं : यांतलं एकेकटं काही नसेलही, पण दोन-तीन एकत्र दिसली तर बालरोगतज्ज्ञ किंवा सिव्हिलमधला मानसोपचार विभाग गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

“मी जाडी दिसते का?” या प्रश्नावर घरोघरी एकच उत्तर येतं : “छे गं, तू कुठली जाडी? जाडी तर मी आहे!” आई हे मायेने म्हणते. ऐकणाऱ्याला त्यात तीन गोष्टी मिळतात. जाडी असणं वाईट आहे. तू अजून तशी नाहीस. आणि जिच्यावर तू गेली आहेस, ती तशी आहे. त्याऐवजी हातातलं काम बाजूला ठेवून विचारावं, “आज असं कुणी म्हटलं का?” आणि ती बोलेपर्यंत थांबावं. मग एवढंच : “तुझ्या वयात अंग वाढतं, वाढायलाच हवं. माझंही वाढलं होतं.” त्यापुढे भाषण नको.

वडिलांना यातून सूट नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या किशोरवयीनांवरच्या मोठ्या अभ्यासातून 2013 साली हेच पुढे आलं. ज्या घरात वडील मुलांशी वजनावर बोलत, तिथली मुलं-मुली डाएट आणि वजनासाठीचे घातक उपाय जास्त करत. जिथे पालकांचं बोलणं फक्त चांगल्या खाण्यापिण्यापुरतं होतं, तिथे हे प्रमाण कमी होतं. आपल्याकडे बाबांचं बोलणं विनोदात येतं. स्वतःच्या ढेरीवर हात फिरवत “आठवा महिना चालू आहे,” आणि त्याच दमात, “तुमच्या आईचा तर नववा.” सगळे हसतात, आईही हसते. त्या हसण्यात मुलगा शिकतो की बायकांच्या अंगावर बोलायला परवानगी असते. मुलग्यांचं आणखी एक. हा तालमींचा जिल्हा आहे. “आमच्या वयात आम्ही कसे होतो, आता बघा, नुसतं पोतं झालंय,” असं बाप म्हणतो तेव्हा हडकुळ्या, तेराव्या वर्षीही उंचीची वाट बघणाऱ्या पोराला आपण आत्ताच पोत्याच्या किंवा काडीच्या रांगेत आहोत असं वाटतं. प्रोटीन पावडरच्या डब्यांची चौकशी तिथून सुरू होते.

मग करायचं काय, असं बैठकीत विचारलं जाईल, म्हणून तेही लिहितो.

आपण किती बोलतो याचा अंदाज जवळपास प्रत्येकाचा चुकतो. म्हणून पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त मोजा. ओट्यावर एक वाटी ठेवा. स्वतःच्या किंवा कुणाच्याही अंगावर मुलांच्या कानावर पडेल असा शेरा गेला की एक हरभरा टाका. नवरा-बायको दोघांनी, आणि मुलांना न सांगता. नाहीतर पुन्हा पहाऱ्याचं काम त्यांच्याकडे जातं. “किती बारीक झालीस!” ही स्तुतीसुद्धा मोजा, कारण तिच्यात आधीची जाडी वाईट होती हे आलंच. रविवारी हरभरे बघा. बहुतेक शेरे चार ठिकाणी साचलेले दिसतील : आरसा, ताट, कपडे आणि फोटो. दुसऱ्या आठवड्यात यांतलं एकच ठिकाण धरा. आम्ही ताट सुचवतो, कारण तिथे मूल रोज समोर असतं.

ताटावर बदल अगदी छोटा असतो. “मला नको, मी जाड होईन,” याऐवजी “माझं पोट भरलं.” “आज पाप केलं, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या,” याऐवजी “पोळ्या छान झाल्या होत्या.” “उद्या उपवास करून भरून काढते,” हे पूर्णपणे बंद. देवाधर्माचा उपवास वेगळा आणि खाल्ल्याची शिक्षा म्हणून केलेला वेगळा. मुलांना फरक बरोबर कळतो. (साबुदाण्याच्या खिचडीने वजन उतरल्याचं आम्ही तरी अजून पाहिलेलं नाही.) ज्यांना खरोखर पथ्य आहे, त्यांनी कारण आजाराच्या नावाने सांगावं : “माझी साखर वाढलीय, डॉक्टरांनी भात कमी सांगितलाय.” हे मुलाला लागू होत नाही, हे त्याला लगेच समजतं. “मी जाड आहे म्हणून भात नाही,” हे मात्र कुणालाही लागू होतं.

स्वतःच्या शरीरावर प्रेम करा, असा आमचा आग्रह नाही. ते सांगून होत नाही आणि खोटं कौतुक मुलं ओळखतात. वजन कमी करायचं असेल तर जरूर करा. काटा हॉलमधून काढून कपाटात ठेवा, दार लावून वजन करा, आकडा डॉक्टरांना आणि हवा तर नवऱ्याला-बायकोला सांगा. मुलांसमोर नुसतं गप्प राहिलं तरी पुष्कळ झालं. आणि तोंडून निसटलंच तर त्याच दिवशी एका वाक्यात सावरावं : “मघाशी मी माझ्या पोटाला नावं ठेवली, ते थकल्यामुळे बोलले, तसं बोलायला नको होतं.” माफीचा मोठा कार्यक्रम केला तर विषय आणखी मोठा होतो.

आजी-आजोबांचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. सत्तरीच्या आजीची भाषा बदलणार नाही. “वाळली बघ पोरगी” किंवा “बापागत सुटलाय” ती म्हणणारच. तिथे वाद न घालता आईने किंवा वडिलांनी सहज म्हणावं, “वाढीचं वय आहे हो,” आणि विषय बदलावा. मुलाच्या लक्षात राहतं ते हे की आई-बाबांनी त्यात सूर मिसळला नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

1. शाळेच्या आवारात पालकांचं वजन करण्याचा, फळ्यावर आकडे लिहिण्याचा आणि वर्गाला ढाल देण्याचा कार्यक्रम रद्द करावा. ‘लक्ष ठेवावे’ ही ओळ मागे घेतल्याचं मुलांना वर्गात सांगावं.

2. स्पर्धा हवीच असेल तर ती चालण्याची घ्यावी. पालक आणि मूल आठवड्यातले किती दिवस अर्धा तास एकत्र चालले, एवढंच कार्डावर खूण करून मोजावं. आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे, शाळेचं मैदान आहे. किलो, इंच, ‘आधी-नंतर’चे फोटो यांतलं काहीही नको.

3. मुलांच्या आरोग्य तपासणीत वजन पडद्याआड, एकेकाचं घ्यावं. आकडा मोठ्याने न वाचता नोंदवावा आणि कार्ड बंद पाकिटात पालकांकडे जावं. लिहून घ्यायला वर्गातलीच मुलगी बसवू नये. ऑफिसबाहेरचा काटा कुलपात ठेवावा.

4. स्नेहसंमेलनातल्या फिशपॉन्डमध्ये कुणाच्याही अंगावरचा, रंगावरचा, उंचीवरचा टोला वाचला जाऊ नये. चिठ्ठ्या आधी एका शिक्षकाने चाळाव्यात. शिक्षकांवरच्या आणि पालकांवरच्या चिठ्ठ्यांनाही हाच नियम.

5. पुढच्या पालकसभेत या विषयाला एक तास द्यावा, शनिवारी दुपारी, वडीलही येऊ शकतील अशा वेळी. आम्ही विनामूल्य येऊ. वाटी आणि हरभरे आम्हीच आणू.

पहिल्या वजनाचा शनिवार पंधरा दिवसांवर आहे. त्याआधी संघाची बैठक बोलवावी आणि जो निर्णय होईल तो सूचनाफलकावर लावावा. स्पर्धा कायम ठेवायची ठरली, तर निदान पहिल्या दिवशी फळ्यावर आईच्या नावाशेजारी तिच्या वाढत्या लेकीचं वयही लिहा, म्हणजे कुणासमोर काय मोजतोय ते सगळ्यांना दिसेल.

आपले,
मुलांचा आहार, वाढ आणि समुपदेशन या क्षेत्रांत काम करणारे
सांगली-मिरजेतील काही जण